14 मिलिमीटरची भिंत: खेळाडूचं हार्ट की एचसीएम?

टूडी इकोच्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीची जाडी. मोठ्या माणसांमध्ये ती साधारण 6 ते 11 मिलिमीटरच्या आत येते आणि आली की कोणी त्या ओळीकडे परत बघत नाही. आता समजा दोन मुलं आहेत. एक 21 वर्षांचा, रोइंग करतो, आठवड्याला पंधरा-सोळा तास ट्रेनिंग. दुसरा 17 वर्षांचा, फुटबॉल खेळतो, निवडीच्या उंबरठ्यावर आहे. दोघांचा इको झाला आणि दोघांच्या रिपोर्टमध्ये त्या ओळीसमोर एकच आकडा आला, 14. यातल्या एकाचं हार्ट मेहनतीमुळे जाड झालंय आणि दुसऱ्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आहे, म्हणजे ज्याला सगळे एचसीएम म्हणतात तो आजार. कोणाला काय आहे ते नुसत्या 14 वरून कळत नाही, आणि या लेखात मला तेच सांगायचंय की मग कळतं कसं, कारण इथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. निरोगी मुलाला आजारी ठरवलं तर त्याचा खेळ गेला, आणि आजारी मुलाला निरोगी ठरवलं तर जीव जाऊ शकतो.

आधी आजार समजून घेऊ. हृदयाचा स्नायू अगदी बारीक बारीक मोटारींनी बनलेला असतो, त्यांना सार्कोमिअर म्हणतात. त्यात मायोसिन नावाचं प्रोटीन असतं, ते पकडतं, ओढतं आणि सोडतं, आणि असं प्रत्येक ठोक्याला होतं. एचसीएम असलेल्या बऱ्याच लोकांमध्ये या मोटारीचा एखादा भाग बनवणाऱ्या जीनमध्ये बिघाड असतो, सगळ्यात जास्त वेळा सापडतात ते MYBPC3 आणि MYH7 हे दोन जीन. बिघाडामुळे स्नायू गरजेपेक्षा जास्त जोर लावतो आणि नीट सैल पडत नाही. वर्षानुवर्षं असं चालू राहिलं की भिंत जाड होत जाते, बीपी नसताना, झडपेचा आजार नसताना. मोठ्या माणसात दुसरं कुठलंही कारण नसताना जाडी 15 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर एचसीएम म्हणतात, आणि घरात आधीच कोणाला हा आजार असेल तर 13 ला सुद्धा म्हणतात. दर 500 माणसांमागे साधारण एकात अशी जाडी सापडते, म्हणजे हा काही फार दुर्मिळ आजार नाही. आणि हेही इथेच सांगतो, यातले बहुतेक लोक नीट उपचार आणि तपासण्या चालू ठेवून लांब आयुष्य जगतात, कित्येकांना तर आयुष्यभर त्रासच जाणवत नाही.

पण खरी भानगड जाडीत नाहीये, जाडीच्या आत आहे. निरोगी स्नायूच्या पेशी विणलेल्या कापडातल्या धाग्यांसारख्या एका दिशेने रांगेत असतात. एचसीएममध्ये त्या वेड्यावाकड्या, एकमेकींत अडकलेल्या असतात आणि मधेमधे व्रणासारखा घट्ट टिश्यू तयार होतो, त्याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लाट असते, ती या कापडातून सरळ पुढे जायला हवी. गुंता आणि व्रण असले की लाट कुठे अडते, कुठे वळसा घेते, आणि कधीतरी एकाच जागी गोल गोल फिरायला लागते. मग खालचा कप्पा आकुंचन पावायच्या ऐवजी नुसता थरथरतो, रक्त पुढे जातच नाही आणि माणूस काही सेकंदात कोसळतो. हा कार्डियाक अरेस्ट. हार्ट अटॅक वेगळा, त्यात रक्तवाहिनी बंद होते. लोक दोन्हीला एकच शब्द वापरतात आणि त्यामुळे घराण्यातली महत्त्वाची माहिती हरवते, त्यावर पुढे येतोच.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्त बाहेर जायच्या वाटेतला अडथळा. दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा वरच्या बाजूला जाड झाला की महाधमनीकडे जाणारी वाट अरुंद होते, आणि तिथून रक्त इतक्या जोरात जातं की शेजारच्या मायट्रल झडपेचा पापुद्रा त्या ओढीने पडद्याकडे खेचला जातो आणि उरलेली वाटही अडवतो. अडथळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे किती दाबाचा फरक आहे तो मोजतात, त्याला ग्रेडियंट म्हणतात. 30 च्या वर गेला तर अडथळा आहे असं धरतात, 50 च्या वर असेल आणि त्रासही होत असेल तर मोठ्या उपायांचा विचार सुरू होतो. आता हे नीट लक्षात घ्या की हा अडथळा कायम सारखा नसतो. कप्प्यात रक्त भरपूर असेल तर भिंती एकमेकींपासून लांब राहतात आणि वाट मोकळी असते, रक्त कमी भरलं की भिंती जवळ येतात आणि वाट बंद व्हायला लागते. म्हणूनच डॉक्टर स्टेथोस्कोप लावून पेशंटला उकिडवं बसवतात आणि मग उभं करतात. उकिडवं बसल्यावर पायातलं रक्त हृदयाकडे येतं आणि मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये ऐकू येणारा रक्ताच्या खळखळाटाचा आवाज, कमी होतो, उभं राहिलं की तो वाढतो. बाकीच्या बहुतेक मर्मरचं याच्या उलट असतं. एक रुपयाही खर्च न करता होणारी ही तपासणी आहे आणि ती घाईत राहून जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि यातूनच हेही कळतं की खेळाडूला जोरात पळताना ठीक वाटतं पण पळणं थांबवल्यावर पुढच्या मिनिटात डोळ्यांपुढे अंधारी का येते. पळताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं, हृदय कमी भरतं, पण अंगातलं ॲड्रेनालिन अजून पूर्ण जोरात असतं आणि हृदय त्या अर्ध्या भरलेल्या कप्प्याला जीव तोडून पिळत असतं. त्यात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर अजूनच वाईट. अडथळा वाढायला याहून वाईट वेळ नाही. म्हणून झोपवून केलेल्या इकोत ग्रेडियंट 12 आला आणि सगळं नॉर्मल असं लिहिलं तर ते अर्धवट आहे, व्यायाम करून लगेच परत मोजायला हवं.

आता त्या दोन मुलांकडे येऊ.

रोइंगवाला. त्याच्या इकोत भिंत सगळीकडून सारखी जाड होती, पडदा 14 तर मागची भिंत 13. कप्पा आतून मोठा होता, 58 मिलिमीटर. याचा अर्थ साधा आहे, वर्षानुवर्षं जास्त रक्त ढकलायचं काम केल्याने टाकी मोठी झाली आणि टाकी मोठी झाली म्हणून भिंत जाड झाली. एचसीएममध्ये बहुतेक वेळा उलट असतं, भिंत आतल्या बाजूला वाढते आणि कप्पा लहान राहतो, कित्येकदा 45 च्या खाली. दुसरं, त्याचं हृदय सैल पडताना झटकन आणि मोकळं सैल पडत होतं, हा वेग इकोवर डॉप्लरने मोजता येतो. ताठर स्नायू असा सैल पडत नाही. ईसीजीत ठोके 46, उंच उंच व्होल्टेज, आणि बाकी काहीच नाही. नुसतं व्होल्टेज उंच असणं हे ट्रेनिंग करणाऱ्या मुलांमध्ये इतकं कॉमन आहे की एवढ्यावरून कोणी घाबरू नये. मास्क लावून स्ट्रेस टेस्ट केली तर ऑक्सिजन वापरायची क्षमता त्याच्या वयाच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वर. घरात कोणी अचानक गेलेलं नाही, त्याला कधी चक्कर नाही.

तरी 13 ते 15 हा पट्टा ग्रे झोन म्हणून ओळखला जातो आणि तिथे अंदाजावर सोडायचं नसतं. म्हणून त्याला तीन महिने ट्रेनिंग पूर्ण बंद करायला सांगितलं. हे ऐकायला सोपं आहे पण त्या वयाच्या खेळाडूसाठी फार जड आहे, अख्खा सीझन जातो, आणि मुलं गुपचूप पळायला जातात, मग टेस्टचा काही उपयोग राहत नाही. याने पाळलं. तीन महिन्यांनी भिंत 11 वर आली. मेहनतीने वाढलेली भिंत मेहनत थांबली की उतरते, आजाराने वाढलेली सहसा उतरत नाही. त्याला परत बोटीत बसू दिलं, फक्त पुढची काही वर्षं दरवर्षी इको करायला सांगून, कारण कुठलीही एक टेस्ट शंभर टक्के नसते.

फुटबॉलवाला. यालाही 14, पण फक्त पडद्याला, मागची भिंत 9. कप्पा 43. ईसीजीत बाजूच्या लीड्समध्ये टी वेव्ह उलट्या पडलेल्या. हे खेळाडूच्या नॉर्मल बदलात बसत नाही, आणि हे दिसल्यावर इको चांगला आला तरी थांबायचं नसतं. त्याला विचारलं कधी चक्कर येते का, तर नाही म्हणाला. डॉक्टरांनी प्रश्न बदलला, कधी पळून थांबल्यावर खाली बसावं लागलंय का, कधी मित्रांनी पाणी मारलंय का. मग म्हणाला हो, दोन महिन्यांपूर्वी स्प्रिंट झाल्यावर पडलो होतो, काही सेकंदच, ऊन होतं म्हणून झालं असेल. आईला विचारलं घरात कोणाला हार्टचं काही आहे का, तर ती म्हणाली माझा भाऊ अटॅकने गेला. किती वर्षांचा होता? 34. छातीत दुखत होतं का, आधी काही त्रास? काही नाही, बस पकडायला पळाला आणि पडला. 34 वर्षांचा माणूस पळता पळता पडून जागेवर जातो तेव्हा तो अटॅक असेलच असं नाही. वर म्हटलं ना, शब्द एकच वापरल्याने माहिती हरवते, ती अशी. त्या घराने पंधरा वर्षं अटॅक हा शब्द धरून ठेवला आणि कोणाची तपासणी झाली नाही.

मग एमआरआय केला. इकोला छातीच्या फासळ्यांमधून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं, काही कोपरे नीट दिसत नाहीत. एमआरआयमध्ये पुढच्या बाजूच्या एका भागात भिंत 17 निघाली, म्हणजे 14 हा आकडाच अर्धवट होता. आणि कॉन्ट्रास्ट देऊन बघितल्यावर पडद्यात पांढरे चट्टे दिसले, तेच ते व्रण. व्यायामानंतरच्या इकोत ग्रेडियंट 12 वरून 64 वर गेला. दोन दिवस होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं सतत ईसीजी टिपणारं यंत्र, लावून त्याला नेहमीसारखं चालायला आणि देखरेखीखाली व्यायाम करायला लावला, त्यात वरून न येता खालच्या कप्प्यातूनच सुरू झालेले सलग पाच वेगवान ठोके सापडले. रक्ताच्या टेस्टमध्ये MYBPC3 मध्ये बिघाड निघाला. आता शंका उरली नव्हती.

इथे लोकांचा एक गोंधळ होतो. एचसीएम आहे का हा एक प्रश्न झाला, आणि याला अचानक मृत्यूचा धोका किती हा दुसरा, आणि दुसऱ्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं. धोका वाढवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: जवळच्या नात्यात कमी वयात अचानक मृत्यू, कारण न सापडलेली बेशुद्धी, भिंत 30 किंवा जास्त, होल्टरवर ते वेगवान ठोके, एमआरआयवर खूप पसरलेले व्रण, कप्प्याच्या टोकाला फुगा, आणि हृदयाचं पंपिंग 50 टक्क्यांच्या खाली जाणं. या मुलाकडे यातल्या एकाहून जास्त होत्या, त्यात ती बेशुद्धी ताजी होती. त्याला आयसीडी बसवायचा सल्ला दिला, हे छातीत त्वचेखाली बसवायचं यंत्र, ठोके बिघडले की ओळखून शॉक देतं. बीटा ब्लॉकर सुरू केलं, ज्याने ठोके सावकाश होतात आणि कप्प्याला भरायला वेळ मिळतो. आणि फुटबॉल थांबवला.

आयसीडी बसवला की खेळायला मोकळा असं बऱ्याच पालकांना वाटतं. तसं नाहीये. आयसीडी अरेस्ट झाल्यावर काम करतो, अरेस्ट होऊच नये म्हणून नाही, शिवाय छातीवर धक्का बसून वायर खराब होऊ शकते, ठोके नुसते वाढल्यावर चुकून शॉक बसू शकतो. तसंच मावाकॅम्टेन नावाचं औषध 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते त्या जास्त जोर लावणाऱ्या मायोसिनलाच थोडं ढिलं करतं आणि अडथळा असलेल्या पेशंटना त्याचा चांगला फायदा होतो, पण पंपिंग गरजेपेक्षा कमी होऊ शकतं म्हणून वारंवार इको करत राहावं लागतं. अडथळा कमी करणारं औषध म्हणजे स्पर्धेची परवानगी असा अर्थ कोणी काढू नये, पडदा ऑपरेशनने कापून घेतला तरीही तेच.

मग एचसीएम निघालं की खेळ संपलाच का? पूर्वी जवळजवळ तसंच होतं. 2015 च्या अमेरिकन मार्गदर्शनात एचसीएम असलेल्यांना अगदी हलके खेळ सोडले तर स्पर्धा नको असं सांगितलेलं होतं. मागे कारणंही होती, 26 जून 2003 ला फ्रान्समधल्या लिऑनला कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए सेमीफायनल चालू असताना, अंगावर कोणी नसताना, मैदानावर कोसळला आणि गेला, फक्त 28 वर्षांचा होता, शवविच्छेदनात एचसीएमच्या खुणा निघाल्या. असं एकदा बघितलं की कुठलाही डॉक्टर नाही म्हणणंच पसंत करेल. पण सरसकट नाही म्हणण्याचेही परिणाम होते, मुलांनी व्यायामच सोडला, वजन वाढलं, मन खचलं. 2020 पासून अमेरिकन मार्गदर्शन सैल झालं, आता अनुभवी तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी, धोक्याची मोकळी चर्चा आणि दरवर्षी पुन्हा तपासणी या अटींवर काही जणांना स्पर्धेचा विचार करता येतो. 2023 मध्ये एक मोठा अभ्यास आला, 1660 लोकांचा, एचसीएम असलेले किंवा जीन असून जाडी नसलेले, त्यात जोरदार व्यायाम करणाऱ्यांमध्ये आणि न करणाऱ्यांमध्ये अरेस्ट, शॉक, बेशुद्धी किंवा मृत्यू यांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं.

मला हा अभ्यास आशादायक वाटतो, पण तो वाचताना एक गोष्ट विसरायची नाही, हे लोक आधीच तज्ज्ञांकडे तपासलेले होते आणि व्यायाम करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवलेलं होतं. ज्याला धोका जास्त होता त्याला कोणीतरी आधीच थांबवलेलं असणार, नाहीतर त्याच्या छातीत आयसीडी असणार. त्यामुळे यावरून तपासलेल्या माणसाबद्दल बोलता येतं. जो मुलगा कधी तपासलाच नाही, जो पळून थांबल्यावर पडतो आणि ऊन होतं म्हणतो, त्याच्याबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही. आमच्या फुटबॉलवाल्याचा निर्णयही कायमचा लिहून ठेवलेला नाही, वर्षभर बेशुद्धी नाही, होल्टर शांत, अडथळा कमी असं झालं तर हलक्या व्यायामापासून परत बोलणं सुरू होईल. पण फुटबॉलसारखा खेळ, जिथे मिनिटामिनिटाला थांबणं आणि स्प्रिंट मारणं असतं आणि दमलो म्हणून मधेच थांबताही येत नाही, तो यादीत सगळ्यात शेवटी येतो.

त्याचं निदान झाल्यावर घरच्यांना बोलावलं, कारण जीन आई किंवा वडिलांकडून आलेला असेल तर प्रत्येक भावंडाकडे तो असण्याची शक्यता 50 टक्के असते. आईत तोच जीन निघाला, तिची भिंत 13, त्रास काही नाही, आणि तिच्या भावाच्या जाण्याचा अर्थ तिला तेव्हा लागला. धाकटी बहीण 13 वर्षांची, पोहते, तिच्यातही जीन आहे पण ईसीजी आणि इको दोन्ही साफ. तिला पोहणं बंद करायला सांगितलं नाही, जीन आहे पण आजार दिसत नाही अशांना स्पर्धेपासून अडवायचं कारण आज दिसत नाही. फक्त भिंत बऱ्याचदा वयात येताना, उंची वाढताना जाड व्हायला लागते, त्यामुळे आजचा साफ इको म्हणजे आजच्यापुरता साफ. तिचा दरवर्षी एकदा ईसीजी आणि इको होणार, आणि तिच्या कोचला दोन गोष्टी लिहून दिल्यात: पाण्यातून बाहेर आल्यावर ती गरगरतंय म्हणाली तर त्या दिवशी पोहणं बंद आणि लगेच फोन, आणि कोणीही मूल कोसळून प्रतिसाद देत नसेल तर हातपाय झटकतंय किंवा मधेच आचके देतंय म्हणून फिट आली असं समजून वाट बघायची नाही, छाती दाबायला सुरुवात करायची आणि तलावावर ठेवलेलं एईडी, म्हणजे बाहेरून शॉक देणारं मशीन, आणायला दुसऱ्याला पळवायचं.